माशी आणि कातडी यांच्यामधले अंतर

मार्च लागला की जालना आणि बुलढाणा जिल्ह्यांत कांद्याचे बियाणे घेणारी शेते पांढरी होऊ लागतात. डोंगळ्यांवर गोंडे उमलतात आणि शेतकऱ्यांचे फोन सुरू होतात, पेट्या कधी आणता म्हणून. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकून झडतो आणि स्त्रीकेसर त्यानंतर तयार होतो. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कोणीतरी नेऊन ठेवल्याशिवाय बी नीट भरत नाही. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये तर नराच्या ओळी वेगळ्या आणि मादीच्या वेगळ्या, तिथे माशीवाचून चालतच नाही. म्हणून आम्ही मेलिफेरा माशीच्या पेट्या रात्रीच्या टेम्पोने तिकडे नेतो आणि फुलोरा संपेपर्यंत शेताच्या कडेला मुक्काम करतो. अडचण अशी की पेट्या वरचेवर उघडाव्या लागतात ते हेच दिवस, आणि तिथला पारा 36-38 अंशांवर जातो तेही हेच दिवस. एप्रिल उजाडला तर 40 देखील.

बांधावर सावली क्वचितच मिळते. राणी अंडी घालते आहे का, पिल्लांना पराग पुरतो आहे का, नव्या राणीची घरटी बांधायला घेतली आहेत का, हे पाहायचे तर एकेक फ्रेम उचलून दोन्ही बाजूंनी निरखावी लागते. एका पेटीला दहा-बारा मिनिटे सहज जातात आणि तेवढा वेळ माणूस उन्हात वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो, तोही डोक्यापासून पायापर्यंत झाकून. एका शेतकऱ्याने मला विचारले होते, “अहो मधमाशीवाले, या उन्हात हे चिलखत कशाला?” प्रश्न रास्त होता. महाबळेश्वरच्या परिसरात सातेरी माशी पाळणारी जुनी माणसे डोक्यावर टोपी आणि तोंडावर जाळी एवढ्यावर पेटी उघडतात, हात उघडेच. पण तिथली हवा थंड, सातेरीची वसाहत लहान, आणि माणसाला आपल्या माश्यांचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. मेलिफेराची भरलेली पेटी म्हणजे तीस-चाळीस हजार माश्या. उन्हाने आणि प्रवासाने त्या आधीच चिडलेल्या असल्या की नुसत्या टोपीवर भागत नाही.

मग सूट घालायचा. कोणता, हे ठरवण्याआधी उन्हात शरीराचे काय होते ते पाहायला हवे, कारण विक्रेते ‘हवेशीर’ हा शब्द फार सैल वापरतात.

मध्यम कष्टाचे काम करणारे शरीर साधारण 300 वॉट उष्णता तयार करते. कातडीचे तापमान 35 अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून थंड असली तर उष्णता आपोआप निघून जाते, पण हवाच 38 अंशांवर असली तर ती उलट आत येते. अशा वेळी शरीराकडे एकच मार्ग उरतो, घाम वाळवणे. एक लिटर घाम वाळताना शरीराची सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. 300 वॉटच्या हिशेबाने तासाभरात 1,080 किलोज्यूल उष्णता तयार होते. म्हणजे डोक्यावरचे ऊन बाजूला ठेवले तरी तासाला अर्ध्या लिटरच्या जवळपास घाम वाळायलाच हवा. वाळायला हवा, नुसता गळून उपयोग नाही. कपाळावरून टपकलेला किंवा कापडात मुरलेला घाम शरीरातले पाणी आणि मीठ नेतो, उष्णता मात्र फारशी नेत नाही.

पेटीच्या आतही हाच कारभार चाललेला असतो. पिल्लांच्या भागात माश्यांना 34-35 अंश तापमान राखावे लागते. बाहेर तापले की काही माश्या पाणी आणून पोळ्यावर थेंब पसरतात आणि इतर माश्या दाराशी पंख हलवून वारा घालतात. पाणी आणि वारा, दोन्ही लागतात. पेटीला वारा लागू दिला नाही तर पाण्याचा उपयोग नाही, तसेच सूटमधल्या माणसाचेही.

आमच्याकडे वर्षानुवर्षे सुती सूट होते. जाड ड्रिलचे पांढरे कापड, एकच थर, समोर चेन, मनगटाला आणि घोट्याला इलॅस्टिक. सकाळी आठला तो उत्तम असतो. दहाच्या सुमारास पाठ, खांदे आणि मांड्यांवर तो ओला होतो आणि तिथून डंख अडवणे आणि घाम वाळू देणे हे त्याचे दोन्ही गुण जातात. ओले कापड कातडीला चिकटते. मेलिफेरा कामकरी माशीचा काटा दोन मिलिमीटरहून थोडाच लांब असतो, पण चिकटलेल्या सुती कापडाच्या पार जायला तेवढा पुरतो. कोरडे असताना तेच कापड अंगापासून सुटे राहते, माशी कापडात काटा खुपसते आणि तो कातडीपर्यंत पोचत नाही. म्हणजे सुती सूटमध्येही आपल्याला वाचवते ते कापड आणि अंग यांच्यामधले अंतर, आणि घामाने नेमके तेच जाते. दुसरे म्हणजे कापडात मुरलेला घाम वाळतो तो कापडाच्या बाहेरच्या बाजूने. त्याने कापड थंड होते, अंगाला त्यातला थोडाच गारवा मिळतो.

जाळीचा सूट याच अंतराच्या हिशेबावर बेतलेला आहे. त्यात तीन थर असतात. बाहेर आणि आत पॉलिस्टरची बारीक जाळी, आणि मध्ये जाड, लवचीक, मोठ्या भोकांची जाळी. तिन्ही मिळून जाडी चार ते सहा मिलिमीटर भरते. माशी बाहेरच्या जाळीवर बसून काटा घालते, काटा भोकातून आत जातो आणि कातडीच्या अलीकडेच संपतो. यातल्या कुठल्याही थरात काटा अडवण्याची ताकद नाही. तिन्ही भोकाभोकांचे आहेत. मधला थर बाकीच्या दोघांना एकमेकांपासून दूर धरतो, एवढ्यावर सगळे संरक्षण उभे आहे.

हे ध्यानात आले की चांगला सूट कसा ओळखावा हे कोणी सांगावे लागत नाही. मधला थर चिमटीत दाबून सोडायचा. तो लगेच फुगून पूर्ववत झाला पाहिजे. स्वस्त सूटमध्ये मधल्या थराच्या जागी भोके पाडलेला फोमचा पातळ पत्रा असतो. तो नवा असताना फुगतो, पण दोन-तीन हंगामांच्या उन्हाने आणि धुण्याने चपटा होतो, पुढे त्याचा चुरा पडू लागतो. काही सूटमध्ये मधला थर छाती-पाठीवरच असतो आणि काखेत, बाहीच्या आतल्या बाजूला दोनच जाळ्या असतात. काखेत घाम जास्त, म्हणून तिथे पातळ ठेवले असे दुकानदार सांगतो. पण दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की मधले अंतर शून्यच. हवा खेळते की नाही हे पाहायला कापड तळहातासमोर धरून तोंडाने फुंकर मारायची. तिन्ही थरांतून फुंकर हाताला जाणवली तर ठीक. नाही जाणवली तर तो सूट दिसायला जाळीचा आहे, एवढेच.

आता या अंतराचे शत्रू कोण ते सांगतो. पहिला शत्रू दाब. खांद्यावर पेटी उचलली, गुडघा जमिनीला टेकला, कोपर पेटीच्या काठावर ठेवले, की तिथला मधला थर दबतो आणि सहा मिलिमीटरचे दोन होतात. परदेशी मापांचे सूट उभ्याने काम करणाऱ्या माणसासाठी शिवलेले असतात. आपल्याकडे पेट्या वीतभर उंचीच्या लोखंडी स्टँडवर ठेवतात आणि माणूस उकिडवा बसून काम करतो. उकिडवे बसले की गुडघ्यांवर, मांड्यांच्या वरच्या बाजूला आणि पाठीमागे कापड ताणून बसते. नेमक्या तिथेच डंख बसतात आणि लोक म्हणतात, जाळीचा सूट फसवा निघाला. सूट फसवा नसतो, तो एक माप लहान असतो. अंगात घालून उकिडवे बसायचे, दोन्ही हात पुढे करून फ्रेम उचलल्याचा आव आणायचा, आणि तेव्हा गुडघ्यावरचे कापड चिमटीत उचलता आले पाहिजे. आले नाही तर पुढचे माप घ्यावे. बसल्यावर पायजमाही वर सरकतो आणि घोटा उघडा पडतो. माशी कापडावर उतरली की वर चढत जाते, त्यामुळे जमिनीवर पडलेल्या माश्यांना घोट्यापासून आत शिरायला वेळ लागत नाही. पायाखालून अडकवायचा पट्टा असलेला सूट मला म्हणूनच बरा वाटतो. तो नसेल तर जाड मोजे पायजम्यावरून ओढून घ्यावेत.

दुसरा शत्रू आतले कपडे. जाळीच्या सूटखाली जाड जीन्स आणि टेरिकॉटचा शर्ट घालणारी माणसे मी पाहिली आहेत. जाळीतून आलेला वारा शर्टावर अडतो आणि मग जड सूट घातल्याचा ताप तेवढा उरतो. जाळीचा सूट वजनाने सुती सूटपेक्षा जडच असतो, हे कोणी जाहिरातीत लिहीत नाही. आत सैल, पातळ, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि पातळ पायजमा पुरे. उघड्या अंगावर नुसता सूट घालणेही बरे नाही. दाब पडेल तिथे हा पातळ थर थोडी तरी भर घालतो, आणि जाळी घासून अंगाला खाज सुटत नाही.

एकदा मी आणि माझ्या जोडीदाराने घामाचा हिशेब करून पाहिला. शेतकऱ्याच्या घरी बियाणे तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. जोडीदाराच्या अंगावर सुती सूट, माझ्या अंगावर जाळीचा, दोघांनीही दीड-एक तास एकाच ओळीतल्या पेट्या पाहायच्या, असे ठरले. कामाआधी आणि नंतर आमचे वजन केले, कपड्यांचे वेगळे, प्यायलेल्या पाण्याचे वेगळे. घाम दोघांनाही सारखाच आला होता, लिटरभराच्या घरात. फरक कपड्यांत निघाला. त्याचा सूट आणि सदरा मिळून अर्ध्या किलोच्या आसपास जड झाले होते. माझ्या कपड्यांचे वजन जेमतेम शंभर ग्रॅम वाढले. त्याचा निम्मा घाम कापडात अडकून पडला होता आणि माझा जवळपास सगळा वाळून गेला होता. तो घामाने निथळत होता, मी कोरडा दिसत होतो, पण पाणी दोघांचेही तेवढेच गेले होते.

जाळीच्या सूटचा एक धोका मला त्या दिवशी नीट कळला. सुती सूटमध्ये माणूस भिजतो, अस्वस्थ होतो आणि थांबतो. जाळीच्या सूटमध्ये मराठवाड्याच्या कोरड्या वाऱ्यात घाम दिसतच नाही. बरे वाटत राहते, म्हणून माणूस आणखी दोन पेट्या उघडतो. तहान लागण्याची वाट पाहिली तर उशीर होतो. म्हणून आम्ही तीन-चार पेट्या झाल्या की जाळी सैल करायला लांब जाऊन चिमूटभर मीठ आणि साखर घातलेले पाणी पितो, तहान असो वा नसो.

हाच सूट कोकणात मे महिन्यात घातला तर गणित पालटते. तिथे हवेचे तापमान कमी, पण दमट. घाम वाळायला हवेत जागाच नसते, आणि माडा-पोफळींच्या आडोशाला वाराही पडलेला असतो. जाळीचा सूट वारा तयार करत नाही, असलेला आत येऊ देतो. वारा नसेल तर तो सुती सूटपेक्षा थोडा बरा, फार नाही. तिथे सूट बदलण्यापेक्षा वेळ बदलावी. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर.

वेळेचा हा मुद्दा जालन्यातही सुटत नाही. दुपारी चरायला गेलेल्या माश्या जास्त, पेटीत गर्दी कमी, म्हणून अनेकांना दुपारची वेळ सोयीची वाटते. हवेशीर सूट आल्यापासून हा मोह वाढला आहे. पण माणसाने सहन केले तरी मेण सहन करत नाही. मेण वितळते 62-64 अंशांना, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. अडतीस अंशांच्या उन्हात मधाने भरलेली नवी फ्रेम आडवी धरली की पोळे वाकते आणि कधीकधी तुटून पेटीत पडते. मध सांडला की शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात, आणि मग कुठलाही सूट घातला तरी काम बंदच करावे लागते. माझ्या मते हवेशीर सूट दुपारी काम करण्यासाठी नाहीच. सकाळचे काम अकरापर्यंत लांबले तर ते निभावून न्यावे, एवढाच त्याचा उपयोग.

तोंडावरच्या जाळीचा विचारही अंतरापासूनच सुरू होतो. चिडलेली माशी उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडकडे आणि गडद रंगाकडे ओढली जाते, म्हणून ती डोळे, नाक, कान आणि केस यांच्यावर येते. बाजारात मुख्यतः दोन घाट मिळतात. एक गोल, रुंद काठाच्या टोपीभोवती सोडलेली जाळी. दुसरा कमानीचा, म्हणजे सूटला चेनने जोडलेली झूल, जिच्यात लवचीक कांब्या घालून चेहऱ्यासमोरची जाळी ताणलेली असते.

कमानीची जाळी दिसायला सुटसुटीत. डोक्यावर टोपी लागत नाही, चेन उघडून मागे टाकली की पाणी पिता येते. पण झूल डोक्याच्या मागच्या बाजूला, कानांना आणि टाळूला टेकते. जाळीच्या सूटमध्ये ही झूल तीन थरांची असते म्हणून कानामागे डंख बसत नाही, सुती सूटमध्ये बसतो. खरी अडचण समोर आहे. उकिडवे बसून खाली पाहिले की कांब्या छातीला लागून मागे रेटल्या जातात आणि जाळी हनुवटीला किंवा नाकाच्या शेंड्याला टेकते. शिवाय चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना जाड कापड असल्याने वारा फक्त समोरून येतो, आणि वाकलेल्या माणसाचा समोर म्हणजे तापलेली जमीन आणि स्मोकरचा धूर.

गोल जाळीत वारा चारी बाजूंनी येतो, टोपीचा काठ डोळ्यांवर सावली धरतो आणि जाळी चेहऱ्यापासून वीतभर दूर राहते. उन्हाच्या कामासाठी मी तिलाच पसंती देतो. तिची खोड म्हणजे वाकले की टोपी पुढे घसरते. हनुवटीखालून नाडी बांधली तर घसरत नाही, पण घामाने नाडी काचते. त्यापेक्षा टोपीच्या आतल्या पट्टीत सुती रुमालाची घडी घालावी. टोपी घट्ट बसते आणि कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत नाही. चष्मेवाल्यांना तर याशिवाय गत्यंतर नाही, कारण जाळी लावल्यावर चष्म्यावर पडलेला थेंब पुसता येत नाही.

डोळ्यांसमोरची जाळी काळीच असावी. पांढरी जाळी ऊन परावर्तित करते, डोळे दिपतात आणि फ्रेमच्या घरांच्या तळाशी उभे असलेले पांढरे, बारीक अंडे दिसत नाही. माशी काळ्या रंगावर येते हे खरे, पण जाळी चेहऱ्यापासून दूर असली तर ती आली तरी हरकत नाही. काळी जाळी समोर आणि बाकी सगळे पांढरे, ही जुनी रीत अजून कोणाला सुधारता आलेली नाही. स्मोकरमध्ये गवरी किंवा गोणपाट जळत असते, त्याची ठिणगी उडाली तर नायलॉनच्या जाळीला मुगाएवढे भोक पडायला क्षण पुरतो, आणि तेवढ्यातून माशी आत येते. दर सकाळी जाळी उजेडासमोर धरून पाहायची सवय हवी. गळ्याशी दोन चेन जिथे एकमेकींना भेटतात, तिथे बोट जाईल एवढी फट राहते. तिच्यावरची चिकटपट्टी कचऱ्याने आणि मेणाने बोथट होते आणि मग तीही चिकटत नाही. अंगावर चढत आलेल्या माश्या शेवटी इथेच पोचतात. जाळीत शिरलेली माशी बहुधा इथूनच आलेली असते.

एवढा वेळ अंतराचे गुण गायले. हातमोज्याला मात्र हे सगळे उलटे लागू होते. हातात अंतर असले की नुकसान.

बोटाच्या टोकाशी हातमोजा सैल असला की फ्रेमचा कान पकडताना कातड्याचे रिकामे टोक आधी खाली जाते आणि त्याखाली माशी चिरडते. बोटाला ते कळत नाही. चिरडलेल्या माशीच्या काट्याजवळून धोक्याची सूचना देणारा वास सुटतो. त्यातला मुख्य पदार्थ आयसोअमाइल अॅसिटेट, वास पिकलेल्या केळ्यासारखा. तो वास हातमोज्याला लागला की प्रत्येक पुढची पेटी उघडल्या उघडल्या माश्या हातावर येतात. माणूस म्हणतो, आज माश्या तापट आहेत. बऱ्याचदा त्याच्या हातमोज्यांनीच त्यांना तापवलेले असते. उन्हात आधीच चिडलेल्या पेट्यांवर याचा परिणाम दुप्पट होतो, म्हणून गरमीच्या कामात सूटपेक्षाही हातमोजा मापाचा असणे मला जास्त मोलाचे वाटते.

माप असे घ्यावे. अंगठा सोडून तळव्याचा घेर, बोटांच्या मुळांशी, शिंप्याच्या टेपने. आणि मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही नोंदवून दुकानात जावे. घातल्यावर मूठ वळली पाहिजे, जमिनीवरचे नाणे उचलता आले पाहिजे, आणि बोटाच्या टोकाशी रिकामे कातडे चिमटीत येता कामा नये. बकरीचे कातडे मऊ, पातळ असते आणि बोटांना फ्रेमचा अंदाज देते. गाईचे जाड, ताठर. ते डंख जास्त अडवते, पण हात आंधळा करते. घामाने भिजून उन्हात वाळले की दोन्ही कडक होतात. तेव्हा ते सावलीत वाळवावेत आणि थोडे तेल चोळून मऊ ठेवावेत. कातडे नीट धुता येत नाही, त्यामुळे वासही राहतो आणि पिल्लांच्या रोगाचे जंतूही एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जाऊ शकतात. दुसऱ्याच्या पेट्या पाहायला जाताना मी आपले कातडी हातमोजे नेत नाही.

पातळ नायट्राइलचे हातमोजे अलीकडे बरेच जण वापरतात. त्यांतून डंख लागू शकतो, पण बोटांना सगळे कळते, माशी चिरडत नाही, आणि वास लागला की फेकून नवे घालता येतात. गरमीत त्यांच्या आत घाम साठून बोटे सुरकुततात. तासाभराने बदलले की चालते. शांत वसाहतींवर मी हेच घालतो आणि तापट पेट्या शेवटी ठेवून त्यांच्यासाठी बकरीच्या कातड्याचे घालतो.

मनगट ही हातमोज्याची सगळ्यात कच्ची जागा. हवेशीर म्हणून विकल्या जाणाऱ्या हातमोज्यांना मनगटापाशी जाळीची पट्टी असते. ती तीन थरांची असेल तर चांगली. स्वस्त हातमोज्यांत तिथे एकच पातळ जाळी असते आणि ती मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी सर्वांत नाजूक, तिथेच अंगाला टेकते. अशा पट्टीपेक्षा साधे, बिनजाळीचे मनगट बरे. हातमोज्याची बाही सूटच्या बाहीवरून कोपरापर्यंत यावी आणि सूटच्या बाहीला अंगठ्यात अडकवायचा फास असावा, नाहीतर हात लांब करताना बाही मागे सरकते आणि मधला पट्टा उघडा पडतो.

एक गोष्ट सूटबाहेरची, पण सूटमुळेच अवघड होणारी. झाकलेल्या माणसाला उन्हात चक्कर आली तर ती उन्हाची की डंखाची, हे चटकन कळत नाही. दोन्हींत डोके हलके होते, मळमळते. डंखाची तीव्र प्रतिक्रिया असेल तर बहुधा काही मिनिटांतच अंगावर पित्त उठते, ओठ-पापण्या सुजतात, घसा आवळतो, श्वासाला घरघर लागते. उन्हाच्या त्रासात डोके ठणकते, पोटऱ्यांत गोळे येतात, अंगावर पुरळ नसते. दोन्हींत पेट्यांपासून दूर नेऊनच सूट काढायचा, जवळ काढला तर संकटात भर. डंखाच्या प्रतिक्रियेचे एक जरी लक्षण दिसले, किंवा माणूस बरळू लागला, तर थांबू नये, थेट दवाखाना गाठावा. ज्याला आधी कधी डंखाने श्वासाचा त्रास झाला आहे, त्याने कितीही चांगला सूट घेतला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेटी उघडू नये.

सूट धुताना तोंडाची जाळी सोडवून वेगळी धुवावी, गार पाण्यात धुण्याचा सोडा घालून. अडकलेले काटे काढून टाकावेत. ते तसेच राहिले तर धोक्याचा वासही कापडात राहतो. पॉलिस्टरच्या जाळीला गरम पाणी किंवा इस्त्री लावू नये, मधला थर बसतो, आणि एकदा बसला की उठत नाही.

आमच्या धंद्यात एक रीत पडली आहे, ती मला खटकते. मालक स्वतःसाठी जाळीचा सूट घेतो आणि गड्याला जुना सुती सूट देतो, बहुधा मालकाच्याच मापाचा. पेट्या उचलणारा, टेम्पो भरणारा आणि जास्त वेळ उन्हात राहणारा गडीच असतो. पैसे कमी असतील तर आधी चांगली गोल जाळी आणि मापाचे हातमोजे घ्यावेत, दोघांसाठी. जाळीचा सूट एकच परवडत असेल तर जास्त पेट्या ज्याच्या वाट्याला, सूट त्याच्या अंगावर चढवावा. आणि तो विकत घेताना दुकानात त्यालाच सोबत न्यावे, उकिडवे बसवून पाहावे.